सदतीस माणसं कमी पडली, म्हणून गावाला नऊच सदस्य. हे बरोबर आहे का?

वाडीवरचा

आमच्या ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर आलीय. प्रभागांचा मसुदा चावडीवर लागला. मतदार यादीत २,८४० नावं आहेत, म्हणजे लोकसंख्या तीन हजारांच्या वर गेली हे शेंबडं पोरही सांगेल. तरी जागा ९. शेजारच्या गावाला ११. तहसील कचेरीत विचारलं तर म्हणाले, २०११ च्या जनगणनेत तुम्ही २,९६४ होतात, ३,००१ पाहिजेत. सदतीस माणसं! त्यामुळे आमच्या वाडीला ओढ्यापलीकडच्या खालच्या आळीशी जोडून टाकलंय. ११ जागा असत्या तर वाडीचा स्वतंत्र प्रभाग झाला असता असं म्हणतात. हा अन्याय आहे की नाही? आणि हरकत कुठे घ्यायची?

निवृत्त ग्रामसेवक

कचेरीत बरोबर सांगितलं. मतदार यादी आणि लोकसंख्या या दोन वेगळ्या वह्या आहेत. जागा ठरतात त्या शेवटच्या प्रसिद्ध झालेल्या जनगणनेवर, आणि ती आजही २०११ चीच आहे. २०२१ ची झालीच नाही. नवी मोजणी २०२७ च्या फेब्रुवारीत ठरली आहे, तिचे आकडे हातात येईपर्यंत हेच चालणार.

पायऱ्या सगळ्या महाराष्ट्रात एकच आहेत. पंधराशेपर्यंत ७, तीन हजारांपर्यंत ९, साडेचार हजारांपर्यंत ११, सहा हजारांपर्यंत १३, साडेसात हजारांपर्यंत १५, आणि त्याच्या पुढे गाव कितीही मोठं असो, १७. शेजारचं गाव तेव्हा ३,०२० असेल तर त्यांना ११ आणि तुम्हाला ९. पायरी म्हटली की तिच्या कडेवर कुणीतरी असणारच. अन्याय म्हणायचं तर नियमाचा म्हणा, अधिकाऱ्याचा नाही.

आणि खरं सांगू? नऊ पुरतात. तीस वर्षांत मी सात सदस्यांच्या आणि सतरा सदस्यांच्या, दोन्ही ग्रामपंचायती पाहिल्या. सतरावाल्या ठिकाणी मासिक बैठकीत पहिला तास कोण कुणाशेजारी बसणार यातच जायचा.

रोखठोक

ग्रामसेवक साहेब, हे तुमचं दप्तराच्या बाजूनं बोलणं झालं. सदस्य कमी म्हणजे सह्या कमी, काम सोपं. पण लोकांच्या बाजूनं बघा. १,५०० च्या गावाला ७ म्हणजे २१४ ला एक सदस्य. याच्या गावात ३३० ला एक.

शिवाय साधी गोष्ट आहे, आज आधार आहे, रेशन कार्डाचा डाटा आहे, ग्रामपंचायतीकडे जन्ममृत्यूची नोंद आहे. त्यावरून आजची लोकसंख्या काढा आणि जागा द्या. कायद्यात तसं करता येतं, सरपंचांनी ठराव करून पाठवला की झालं.

निवृत्त ग्रामसेवक

नाही होत. रोखठोक भाऊ, ठरावाने जागा वाढत नाहीत. जन्ममृत्यूची नोंद आपल्याकडे असते हे बरोबर, पण पुण्याला राहायला गेलेल्या पोरांची आणि वीटभट्टीवर आलेल्या कुटुंबांची नोंद तिच्यात कुठे आहे? बाळंतपण माहेरी होतं, नोंद माहेरच्या हद्दीत. त्या वहीवरून लोकसंख्या काढलीत तर निम्मी गावं आणखी खाली घसरतील. मतदार यादीचंही तेच. लग्न होऊन गेलेल्या मुली आणि मुंबईत नोकरीला असलेले भाऊ यादीतून कुणी काढत नाही. कारण ते मतदानाला गाडी करून येतात.

मळ्यातली पाटी

मला नीट कळलं नाही. दोन जागा जास्त मिळाल्या तर वाडीला नक्की काय मिळतं? ९ असोत की ११, वाडीची माणसं तेवढीच.

निवृत्त ग्रामसेवक

ताई, हा प्रश्न खरा. आकडे मांडूनच दाखवतो. वाडीवरचे भाऊ, २०११ ला वाडी किती होती?

वाडीवरचा

५१०. खालची आळी ४७०. मसुद्यावर लिहिलेलं आहे.

निवृत्त ग्रामसेवक

ठीक. २,९६४ ला ९ ने भागा, एका जागेला साधारण ३२९ माणसं येतात. नऊ जागांचे तीन प्रभाग, प्रत्येकात तीन सदस्य, म्हणजे एका प्रभागाला सरासरी ९८८. यात दहा टक्के कमी-जास्त चालतं. तेव्हा कुठलाही प्रभाग ८९० च्या खाली आणि १,०८६ च्या वर नको. वाडी एकटी ५१०, ती या मापात बसतच नाही, तिला कुणाशी तरी जोडावंच लागतं. खालची आळी जोडली की ९८०, माप जमलं. कागदावर बघणाऱ्याला ते चोख दिसतं.

आता गाव ३,००१ आहे असं धरा. ११ जागा. एका जागेला २७३. अकरा जागांचे चार प्रभाग होतात, तीन प्रभागांत तीन-तीन सदस्य आणि एकात दोन. दोन सदस्यांच्या प्रभागाची सरासरी ५४६, दहा टक्के सोडले तर ४९१ ते ६०० पर्यंत चालतो. वाडी ५१०, अलगद बसली. दोन्ही सदस्य वाडीचे. म्हणजे त्या सदतीस माणसांनी वाडीचा अख्खा प्रभाग नेला. भाऊंच्या कुरबुरीत तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. माझं म्हणणं एवढंच की गावाला नऊ पुरतात. वाडीला पुरतात की नाही, हा प्रश्न निराळा.

रोखठोक

मग इतका वेळ हेच तर सांगत होतो!

निवृत्त ग्रामसेवक

तुम्ही आधार कार्ड सांगत होता.

गावकुसाबाहेर

मी त्याच खालच्या आळीचा आहे, ज्याबद्दल वाडीवाले इथे गळा काढतायत. नाव सांगत नाही, ओळखणारे ओळखतील.

गेल्या निवडणुकीतही हेच प्रभाग होते. वाडीचे मतदार ५९०, आमचे ३१०. मोजणी २०११ ची असली तरी मतं आजच्या यादीवर पडतात, हे वाडीवरच्याने सांगितलं नाही. डांबरी रस्ता वाडीवरून गेल्यापासून सगळं गाव तिकडे घरं बांधतंय. म्हणजे या प्रभागात वाडी आमच्या दुप्पट आहे. सर्वसाधारण जागेवर वाडीचे चार जण उभे राहिले, १४०, १२०, ९५ आणि ८५ मतं घेतली. आम्ही एक उभा केला, २४५ घेऊन निवडून आला. चौघांची बेरीज ४४०. भावकीत एक नाव ठरवता येत नाही आणि दोष कुणाचा, तर जनगणनेचा.

वाडीवरचा

बेरीज बरोबर आहे. चौघांमधला ९५ वाला माझा चुलता. त्याला बसवायला मी तीन वेळा गेलो होतो, चहा पाजून परत पाठवलं.

पण दोन सदस्यांचा स्वतंत्र प्रभाग असता तर चार उभे राहोत की दहा, निवडून वाडीचाच आला असता ना? माझा मुद्दा तोच आहे.

सदस्य आहे मी

सातारा जिल्ह्यातल्या एका ९ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत मी दुसऱ्यांदा निवडून आले. तुमचं सगळं वाचलं. एक सांगते, दोन सदस्य वाडीचे निवडून आले तरी वाडीचं काम होईल असं समजू नका.

आमच्याकडे उदाहरण आहे. माझ्या प्रभागातली गटार सार्वजनिक नळाच्या पुढे तुंबते आणि पाणी शाळेच्या फाटकात येतं. चाळीस मीटरचं काम. मी मासिक बैठकीत विषय मांडला, मंजूर झाला. मग ग्रामसेवक म्हणाले, यंदाच्या आराखड्यात हे काम नाही, आराखड्यात नसेल तर वित्त आयोगाच्या पैशातून बिल निघत नाही. पुढच्या वर्षी ग्रामसभेत मी स्वतः उभी राहून ते आराखड्यात घातलं. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत साठ टक्के बंधित होते, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यावरच खर्च. गटार स्वच्छतेत बसते, म्हणून पैसे निघाले. त्याच वेळी शेजारच्या सदस्यांना स्मशानभूमीचं शेड हवं होतं, त्यांना अबंधित भागातून घ्यावं लागलं आणि त्यात आधीच तीन कामं उभी होती. ते अजून वाट बघतायत.

तेव्हा किती सदस्य आहेत यापेक्षा आराखड्याच्या ग्रामसभेला वाडीतून किती लोक येतात ते आधी बघा. आमच्याकडे गणपूर्तीला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातले जे कमी ते लागतात. शंभर माणसं जमत नाहीत म्हणून सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग वीस जण बसून वर्षाचा आराखडा ठरवतात. ते वीस जण बहुतेक एकाच आळीचे असतात.

मळ्यातली पाटी

ताई, एक विचारू का? बैठकीला तुम्हीच जाता ना? आमच्याकडे बाई निवडून येते आणि मिस्टर रजिस्टर घेऊन बसतात.

सदस्य आहे मी

पहिल्या टर्मला माझे दीर यायचे. दुसऱ्या महिन्यात मीच सांगितलं, तुम्ही बाहेर बाकावर बसा. नऊपैकी पाच जागा बायकांच्या आहेत. त्यांपैकी तिघी येतात आणि बोलतात, एक येते आणि सही करते, एकीचे मिस्टर अजूनही फोनवरून सांगतात. सगळंच काळं नाही आणि सगळंच पांढरंही नाही.

उताऱ्याची वाट बघणारा

माझा प्रश्न वेगळा आहे पण विषय तोच. वडील गेले, वारस नोंदीचा फेरफार सहा महिने अडकलाय. आमच्या सदस्याला चार वेळा सांगितलं, तो म्हणतो करतो करतो. जास्त सदस्य झाले तर अशी कामं लवकर होतील का? आमच्या ग्रामपंचायतीत ७ च आहेत.

निवृत्त ग्रामसेवक

सदस्य सत्तर केले तरी फेरफार होणार नाही. सात-बारा, फेरफार, वारस नोंद हे महसूल खात्याचं काम. तलाठ्याकडे अर्ज, मंडळ अधिकाऱ्याकडे मंजुरी. ग्रामपंचायतीचा त्यात काडीचा संबंध नाही. तुमच्या सदस्याला ते माहीत नसेल, किंवा नाही म्हणायला जीभ उचलत नसेल.

ग्रामपंचायतीकडे असतो तो नमुना ८, घराच्या कर आकारणीचा. वडिलांचं घर गावठाणात असेल तर त्यावर वारसांची नावं लावायला मात्र ग्रामपंचायतीत अर्ज द्या. आणि एक गैरसमज काढून टाका, नमुना ८ वर नाव लागलं म्हणजे घर नावावर झालं असं नाही. ती कर कुणाकडून वसूल करायचा याची नोंद आहे. भावाभावांत कोर्टात गेलात तर तेवढ्यावर मालकी सिद्ध होत नाही.

उताऱ्याची वाट बघणारा

मग सदस्य करतो तरी काय?

सदस्य आहे मी

दादा, पाणी, दिवाबत्ती, गटार, गावातले रस्ते, कचरा, जन्ममृत्यूची नोंद, घरपट्टी आणि पाणीपट्टी. कागदावर यादी फार मोठी आहे, शेतीपासून वाचनालयापर्यंत. पण दर महिन्याला टेबलावर येतं ते एवढंच. त्यातही निम्मा वेळ पाण्याच्या मोटारीत जातो. शाळेचे शिक्षक, रेशन दुकान, दवाखान्यातले डॉक्टर यांच्याबद्दल आम्ही तक्रार करू शकतो, ठराव पाठवू शकतो. बदलू शकत नाही.

मोठ्या गावचा

तुमचे ९ आणि ११ चे वाद वाचून हसू आलं. आमचं गाव शहराला लागून. २०११ ला १९,००० होतं, आज किती ते देव जाणे, आणि सदस्य १७. एका सदस्यामागे अकराशे माणसं, तीसुद्धा जुन्या मोजणीनं. सहा प्रभाग, पाच प्रभागांत तीन-तीन आणि एकात दोन. माझ्या प्रभागात नऊ हाउसिंग सोसायट्या आणि एक जुनी वस्ती. पंधराशेच्या गावाला ७ आणि आम्हाला १७. पंधराशेच्या हिशोबानं आमचे ८० च्या वर व्हायला पाहिजेत.

रोखठोक

ऐंशी सदस्य? बैठक मैदानात घ्यावी लागेल. तुम्ही नगरपंचायत मागा की.

मोठ्या गावचा

मागितली. तिथेही सदस्य १७ च असतात. फरक एवढाच की सतरा वेगळे प्रभाग, प्रत्येकात एक. त्यामुळे निदान माझा माणूस कोण ते कळेल. इथे तीन जण आहेत आणि पाणी आलं नाही की तिघं एकमेकांकडे बोट दाखवतात. पण नगरपंचायत झाली की घरपट्टी वाढणार म्हणून जुनं गाव विरोधात, आणि सोसायट्यांना कचरा उचलला गेला तर काहीही चालतंय.

गावकुसाबाहेर

मूळ मुद्द्यावर येतो. वाडीवरच्याने आणखी एक गोष्ट सांगितली नाही. हरकत घ्यायचं ठरलंय, आणि त्यात आम्हाला गावठाणाच्या प्रभागात ढकलायचं घाटतंय, हे खरं का?

वाडीवरचा

लपवण्यासारखं काही नाही. ओढ्याच्या आमच्या बाजूला वरचा मळा आहे, २०११ ला ४३०. वाडी आणि मळा मिळून ९४०. मापात बसतं, ओढा ओलांडावा लागत नाही, आणि पावसाळ्यात मतदानाला कुणाला पुलावरून फेरा घालावा लागत नाही. उरलेल्या २,०२४ चे दोन प्रभाग, १,०१२ चा एक. तेही मापात. मग खालची आळी गावाकडे गेली तर तिचं नुकसान काय?

निवृत्त ग्रामसेवक

ही हरकत टिकण्यासारखी आहे, हे मान्य. प्रभाग पाडताना ओढा, नदी, मोठा रस्ता या नैसर्गिक हद्दी पाळायच्या असतात. "आमच्या वाडीवर अन्याय झाला" असं लिहिलेले अर्ज मी ढिगाने पाहिलेत, एकही मान्य झालेला आठवत नाही. अर्जात तीन गोष्टी असू द्या. जनगणनेच्या प्रगणक गटांचे, म्हणजे मोजणीसाठी पाडलेल्या वस्तीच्या तुकड्यांचे, क्रमांक आणि त्यांची लोकसंख्या, तुमच्या मांडणीत तिन्ही प्रभागांची बेरीज, आणि ओढा दाखवणारा नकाशा. आपला एकच प्रभाग दुरुस्त करून देऊ नका, बाकीचे दोन कसे जमतात तेही दाखवा, नाहीतर पहिल्याच प्रश्नाला अडकाल. हरकत दिलेल्या मुदतीत लेखी तहसीलदारांकडे. सुनावणी प्रांतांपुढे होते, शेवटची मान्यता जिल्हाधिकाऱ्यांची. एक बघून घ्या, मळ्याचा प्रगणक गट सलग आहे का. तो गट अर्धा गावठाणात शिरत असेल तर तो फोडावा लागेल, आणि गट फोडायला शक्यतो नकार असतो.

रोखठोक

आणि प्रांतांनी फेटाळलं तर सरळ हायकोर्ट. स्टे आणायचा.

निवृत्त ग्रामसेवक

वकिलाला आधी राज्यघटनेतलं २४३-ओ वाचायला सांगा. मतदारसंघांची आखणी आणि निवडणूक यांत न्यायालयाने पडू नये अशी त्यातली तरतूद आहे. याचिका दाखल होतात, नाही असं नाही. पण कार्यक्रम जाहीर झाल्यावर धावत गेलात तर वकिलाची फी तेवढी जाईल.

गावकुसाबाहेर

नुकसान काय ते मी सांगतो. गावाच्या २,९६४ मध्ये अनुसूचित जातीचे ४१२. ४१२ भागिले २,९६४ गुणिले ९, सव्वा येतो, म्हणजे एक जागा. ती जिथे आमची टक्केवारी जास्त त्या प्रभागापासून सुरू होऊन फिरते. आमची बहुतेक वस्ती खालच्या आळीत. आळी वाडीबरोबर राहिली तर ती जागा याच प्रभागाच्या वाट्याला येत राहते. आळी गावठाणात गेली तर तिथल्या तीनपैकी एक जागा राखीव होईल, आणि ते गावठाणातल्या मोठ्या घरांना नको आहे. इतकी वर्षं आळी वाडीला चिकटवली गेली ती ओढा न दिसल्यामुळे नाही. ओढा सगळ्यांना दिसतो.

आता वाडीलाही आम्ही नकोत. आमची वस्ती म्हणजे काय गोणी आहे, इकडून उचलली तिकडे टाकली?

मळ्यातली पाटी

हे वाचून मला बोलावंसं वाटलं. माझं नाव मळ्यातली पाटी आहे, पण तो मळा तुमचा नव्हे. आमच्याही गावात अशीच एक वस्ती दर वेळी या प्रभागातून त्या प्रभागात जाते. त्यांना विचारायला कुणीच जात नाही. राखीव जागांच्या सोडतीच्या ग्रामसभेत चिठ्ठी काढायला मात्र त्यांचीच लहान मुलगी पुढे बोलावतात.

वाडीवरचा

भाऊ, तुम्हाला नको म्हणणारा मी नाही. पण मला ओढ्याचंच दिसत होतं, राखीव जागेचं डोक्यात आलं नव्हतं, हे कबूल करतो. एक विचारतो. गावठाणाच्या प्रभागात गेलात तर तुमची माणसं तिथे आणखी अल्पसंख्य होतील, पण राखीव जागा तिथे आली तर निवडून तुमच्यापैकीच कुणीतरी येणार ना?

गावकुसाबाहेर

येईल. पण कोण? गावठाणातले सहाशे मतदार ज्याला पसंत करतील तो. आमच्यातला, पण त्यांच्या पसंतीचा. इथे वाडीबरोबर असताना निदान वाडीच्या चार गटांत भांडणं असतात, आम्हाला बोलायला जागा मिळते. २४५ मतांनी आमचा माणूस सर्वसाधारण जागेवर निवडून आला तो याच प्रभागात. तिकडे ते स्वप्नातही होणार नाही.

सदस्य आहे मी

हे मी इतक्या उघडपणे कधी लिहिलेलं वाचलं नव्हतं. आमच्याकडे सगळे जाणतात, बोलत कुणी नाही.

रोखठोक

माझं मत बदललेलं नाही. जागा ११ असत्या तर वाडीलाही प्रभाग मिळाला असता आणि आळीलाही. पायऱ्याच चुकीच्या आहेत. सरळ अडीचशेला एक सदस्य ठेवा, वर मर्यादा ठेवा पंचवीसची.

निवृत्त ग्रामसेवक

११ असत्या तर आळी ४७०, दोन सदस्यांच्या प्रभागाला किमान ४९१ लागतात. दोन सदस्यांचा प्रभाग एकच, तो वाडी घेऊन जाते. आळी पुन्हा कुणाच्या तरी शेपटाला. तुमच्या अडीचशेच्या हिशोबाने बारा सदस्य होतील, आणि सम संख्येच्या सभागृहात पहिल्याच ठरावाला बरोबरी होऊन बसाल.

रोखठोक

तशीही सरपंच थेट निवडून येतो, तो वेगळा. नऊ अधिक एक म्हणजे दहा, सम संख्याच की. बरोबरी झाली तर सरपंचाचं निर्णायक मत आहे.

निवृत्त ग्रामसेवक

हा मुद्दा बरोबर काढलात, मान्य. २०२२ पासून पुन्हा थेट सरपंच आहे, तेव्हा तुमच्या गावात या वेळी दहा जण बसतील. मागच्या वेळी सरपंच नऊतलाच होता. आता आणखी एक गंमत होणार. सरपंच एका पॅनेलचा आणि सहा सदस्य दुसऱ्या पॅनेलचे असं झालं तर ठराव सदस्य अडवतात. पैसे सोडायला सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची डीएससी, म्हणजे डिजिटल सही, लागते, तेव्हा बिलं सरपंच अडवतो. अविश्वास म्हणाल तर पहिली दोन वर्षं आणताच येत नाही. त्यानंतर आणला तरी तीन चतुर्थांश सदस्य पाहिजेत आणि वर ग्रामसभेची मोहोर. माझ्या शेवटच्या गावात चौदा महिने एलईडी दिवे गोदामात पडून होते. खांबावर अंधार.

मोठ्या गावचा

आमच्याकडे दिवे लागलेत, पण वीजबिल थकलंय. संध्याकाळी सातला लावतात, नऊला बंद करतात.

वाडीवरचा

आज तहसीलमधून प्रगणक गटांची यादी मिळाली. मळ्याचा गट सलग नाही. त्यातली साठ-सत्तर माणसं गावठाणातल्या देवळामागची आहेत. म्हणजे गट फोडावा लागेल. हरकतीची मुदत परवापर्यंत आहे.

खालच्या आळीच्या भाऊंना विचारतो, उद्या संध्याकाळी पुलावर भेटता का? अर्ज द्यायचा की नाही ते तुमच्याशी बोलून ठरवावं म्हणतो.

गावकुसाबाहेर

सातनंतर या. आणि चुलत्याला घेऊन या, या वेळी तरी तो बसणार का ते आधी कळू दे.